गेमच्या नावानं उघडलेलं दार

शिवम मुळात वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्ही त्याला शिव्या घालणार आहात आणि मी काही तुम्हाला अडवणार नाही. कामरगावात त्याचा पिकअप होता. सोयाबीन, तूर, हरभरा, ज्याचं जे निघेल ते भरायचं आणि कारंज्याच्या बाजार समितीत नेऊन टाकायचं, हा त्याचा धंदा. दारू नाही, जुगार नाही. एकच खोड होती, आणि ती अशी की दहा गुण झाकून टाकील. बायको कोणाशी हसली की त्याचा अख्खा दिवस नासायचा.

बायको रूपाली. घराच्या पुढच्या खोलीत तिचं लेडीज टेलरिंगचं दुकान. गावात शिलाई मशीन घरोघरी, पण लग्नाचा ब्लाऊज म्हटला की बाया रूपालीकडेच येणार. कारण तिचा हात चांगला, आणि दुसरं कारण म्हणजे तिची शिस्त. पुरुषमाणूस तिच्या उंबऱ्याच्या आत येत नसे. कोणाचा नवरा, कोणाचा भाऊ, जो सोबत आला असेल त्यानं बाहेरच्या ओट्यावर बसायचं. आत एका कोपऱ्यात जाड पडदा, त्याच्या आड माप. बाया म्हणायच्या, रूपालीच्या पडद्याआड गेलं की भिंतीलेबी कान नसतात. दुकान चालत होतं ते या एका गोष्टीवर.

कॅमेरा तिनंच मागवला होता. लग्नसराईत कापडांची अदलाबदल व्हायची, एखादी बाई म्हणायची माझा खण तुझ्याकडेच राहिला, आणि मग नुसती कटकट. म्हणून तिनं ऑनलाइन एक छोटा गोल कॅमेरा घेतला, मान फिरवणारा, त्याचं अॅप आपल्या फोनवर टाकलं आणि स्वतःच स्टुलावर चढून तो बसवला. तोंड काउंटरकडे आणि दाराकडे. पडद्याकडे पाठ. तिनं ते दोनदा तपासलं होतं, आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला दाखवूनही दिलं होतं की बघा, याचं तोंड तिकडं आहे.

बाहेरच्या माणसांत फक्त एकाला आत यायची मुभा होती. कारंज्याचा प्रज्वल, जो मोटरसायकलवर अस्तर, हुक, लेस, गोंडे घेऊन यायचा. माल पसरून दाखवायचा तर ओट्यावर कसा दाखवणार? तो आत यायचा, स्टुलावर बसायचा, तोंडाचा बोलका होता, काहीतरी बोलायचा आणि रूपाली हसायची. घरात ती अशी हसत नसे. का नसे, हा प्रश्न शिवमला कधी पडला नाही. ती तिकडे का हसते, एवढाच पडला.

"तो पोट्टा आतमधी कायले येते?" त्यानं एकदा विचारलं.

"मंग अस्तर ओट्यावर उनात दाखवन का तो? रंग समजत नाई," ती म्हणाली आणि मशीन सुरू केलं.

एवढं साधं उत्तर. पण संशयी माणसाला साधं उत्तर म्हणजे तयार करून ठेवलेलं उत्तर वाटतं.

बाजार समितीत गाडी रांगेत लावली की नंबर लागेपर्यंत करायचं काय? शिवम केबिनमध्ये बसून मनातल्या मनात दुकान पाहत राहायचा. आता प्रज्वल आला असेल. आता स्टुलावर बसला असेल. शेवटी त्याला कॅमेऱ्याची आठवण झाली. तिला म्हणावं, माझ्याही फोनवर दे, तर ती देईलही, पण मग तिला कळेल की हा बघतो. तिचं अॅप हुशार होतं, दुसरा कोणी जोडला की तिच्या फोनवर लगेच सांगायचं. शिवमला तिला न कळता बघायचं होतं. दाखवून केलेल्या पहाऱ्यात कुठं कोण चुकतं?

मग त्यानं रांगेत बसल्या बसल्या व्हिडिओ पाहिले. हिंदीत एक माणूस समजावून सांगत होता. घरचा राऊटर म्हणजे घरचं दार. आतला माणूस बाहेर जाऊ शकतो, पण बाहेरचा कोणी आपणहून आत येऊ शकत नाही, राऊटर त्याला दारातूनच परतवून लावतो. पण राऊटरला एक नियम लिहून देता येतो, की या नंबरावर जो कोणी टकटक करील त्याला सरळ कॅमेऱ्याकडे पाठव. याचं नाव पोर्ट फॉरवर्डिंग. मग जगात कुठूनही फोनवर पत्ता टाका, कॅमेऱ्याचं पान उघडतं, अॅप लागत नाही, कोणाला काही कळत नाही. व्हिडिओच्या शेवटी तो माणूस पासवर्ड बदलायबद्दलही काहीतरी सांगत होता, पण तेवढ्यात शिवमचा नंबर लागला.

अडचण एकच निघाली. गावात नेट देणारा भिवाजी. त्यानं अख्खं कामरगाव एकाच पत्त्यामागे बसवलेलं, त्यामुळे बाहेरून कोणाचंच घर सापडायचं नाही. घराला स्वतंत्र पत्ता हवा तर त्याच्याकडून मागून घ्यावा लागतो. शिवम त्याच्याकडे गेला.

"पब्लिक आयपी पाह्यजे मले."

"कायले पाह्यजे, भाऊ?"

"भाचा येते ना सुट्टीत. गेमचा सर्व्हर लावतो म्हनते. दोस्त बाहेरून खेळतात त्याचे."

भिवाजीनं मान डोलावली आणि देऊन टाकला. त्यानं अजून दोन प्रश्न विचारले असते तर पुढचं बरंच टळलं असतं. पण गिऱ्हाइकाला प्रश्न विचारणं त्याच्या धंद्यात बसत नसावं.

रूपाली माहेरी इंझोरीला गेली होती त्या दिवशी शिवमनं काम उरकलं. राऊटरचं पान उघडलं, नियम लिहिला, नियमाला नाव दिलं 'गेम', आणि पुढे पत्ता टाकला कॅमेऱ्याचा. कॅमेऱ्याच्या पानानं नाव आणि पासवर्ड मागितला. रूपालीनं अॅपचा पासवर्ड चांगला अवघड ठेवला होता, पण कॅमेऱ्याचं असं वेगळं पान असतं हे तिला ठाऊकच नव्हतं. तिथं कारखान्यातून आलेला पासवर्डच होता, खोक्यावर छापलेला. शिवमनं तो टाकला आणि दुकान त्याच्या फोनवर उघडलं. पासवर्ड बदलावा, असं एकदा त्याच्या मनात येऊन गेलं. पण बदलला आणि अॅप बंद पडलं तर? रूपालीला शंका येईल. आणि कामरगावातल्या एका शिंपिणीचा कॅमेरा या जगात शोधायला कोण बसलंय, असं म्हणून त्यानं तो तसाच ठेवला.

ही त्याची चूक. जगात शोधायला माणूस बसलेला नसतो, यंत्रं बसलेली असतात. दिवसरात्र एकामागून एक पत्त्यावर टकटक करत फिरतात, दार उघडलं की खोक्यावरचे सगळे पासवर्ड लावून बघतात. त्यांना कामरगाव काय आणि कलकत्ता काय.

तिथून पुढे शिवमचं भाड्यावर लक्ष लागेना. चहा घेताना दुकान, वजनकाट्यावर दुकान. प्रज्वल आला की त्याच्या कपाळाची शीर उडायची. चित्रात आवाज येत नसे, तो भाग त्यानं लावलाच नव्हता, त्यामुळे रूपाली कशाला हसली ते कळायचं नाही आणि म्हणून जास्त जळायचं. ती प्रज्वलला पाणी देते. मलेही देते, पण मले देताना असं बघते का? ती कापड हातात घेऊन त्याच्यासमोर धरते. तो कापड बघून राह्यला की तिले? एकदा प्रज्वल काउंटरच्या पलीकडे, चित्राच्या बाहेर गेला, आणि शिवमनं बोटानं कॅमेऱ्याची मान फिरवली. थोडीशीच. प्रज्वल सॅम्पलची पिशवी उचलत होता. शिवमनं मान परत आणली, पण कोपऱ्यात पडद्याची कड दिसतच राहिली. रूपालीनं संध्याकाळी वर पाहिलं आणि म्हणाली, "पालीनं हलवला का काय हा?" तिनं तो सरळ केला. शिवम जेवत होता. घास त्याच्या तोंडात फिरत राहिला.

मग एक दिवस असा आला. प्रज्वल आला, माल दाखवला, आणि रूपालीनं आपला फोन त्याच्या हातात दिला. तो त्यावर काहीतरी करत होता, ती शेजारी उभी राहून बघत होती. शिवम केबिनमध्ये उठून बसला. नवऱ्याच्या हातात कधी दिला का इनं फोन? खरं म्हणजे त्यानं कधी मागितला नव्हता.

आणि त्याच आठवड्यात, भर दुपारी, बाजार समितीच्या आवारात तो फोन बघत असताना चित्र आपोआप सरकायला लागलं. त्यानं बोट उचलून बघितलं. बोट लागलेलं नव्हतं. काउंटर डावीकडे गेलं, दार गेलं, कॅमेरा हळूहळू फिरून पडद्याकडे वळला, थोडा वर झाला आणि थांबला. पडद्यावरून आतलं दिसत होतं. गावातल्या भुरीबाईची लेक उभी होती, पुढच्या महिन्यात लग्न असलेली, आणि रूपाली तिचं माप घेत होती. रूपालीचे दोन्ही हात टेपला. तिचा फोन पार तिकडे मशीनवर. म्हणजे फिरवणारी ती नव्हे. शिवमनं पान बंद केलं आणि पुन्हा उघडलं. कॅमेरा तिथंच बघत होता.

आता शहाण्या माणसानं काय करावं? पहिली उडी घ्यावी ती राऊटर बंद करायला, बायकोला फोन लावायला, की बाई, कॅमेऱ्यावर कापड टाक. शिवमच्या डोक्यात त्या पोरीचा विचारही आला नाही. त्याच्या डोक्यात एकच आलं, प्रज्वल. त्यानं फोन हातात घेतला होता. तिनं दिलं त्याले अॅप. मले नाई, त्याले. तळपायाची आग मस्तकात गेली.

पण बोलणार कसं? मले दिसलं म्हणावं, तर ती विचारणार, तुमाले कसं दिसलं. चोराच्या मनात चांदणं. दोन दिवस तो तसाच धुमसत राहिला आणि त्या दोन दिवसांत कॅमेरा आणखी किती वेळा फिरला असेल देव जाणे. शेवटी त्यानं डाव रचला. तिला म्हणाला, "कॅमेरे हॅक होऊन राह्यले म्हनतात लोकाईचे. भिवाजीले बोलावतो, एक डाव तुहं अॅप पाहून घेईन तो. कोन कोन जोडलं हाय ते समजते."

"बोलवा," रूपाली म्हणाली. "मलेबी तो दोनदा फिरलेला दिसला. मी त माप घेतानी त्याच्यावर कापड टाकाले लागली."

तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. शिवमला वाटलं, काय पक्की बाई आहे ही.

भिवाजी यायच्या आधी तो 'गेम'चा नियम पुसून टाकावा, हे त्याला सुचलं होतं. फोन हातात घेतलाही होता. पण मग उद्यापासून दिसणार कसं? प्रज्वल मंगळवारी येणार होता. त्यानं फोन खिशात ठेवला. भिवाजी अॅप बघेल, राऊटरकडे कशाला जातो, असा त्याचा हिशेब.

भिवाजी आला तो दुपारी, लॅपटॉप घेऊन. रूपालीनं त्याला आत घेतलं, तेवढ्यात भुरीबाई लेकीचा ब्लाऊज न्यायला आली आणि काउंटरशी उभी राहिली. शिवमला ते बरंच वाटलं. साक्षीला एक बाई असलेली चांगली.

"वैनी, फोन द्या," भिवाजी म्हणाला. त्यानं अॅप उघडलं. "इथं एकच नाव हाय. तुमचं. दुसरं कोनी नाई."

"नीट पाह्य," शिवम म्हणाला. "काढून टाकलं असन."

"काढलं असतं त इथं लिहून आलं असतं. कोनी जुळलंच नाई कधी."

शिवमनं रूपालीकडे पाहिलं. "त्या दिवशी प्रज्वलच्या हातात फोन कायले देल्ता?"

तोंडातून निघून गेलं. रूपालीचा हात कापडावर थांबला.

"त्याचा क्यूआर लागत नव्हता, मालाचे पैसे माह्या फोनवरून त्याच्या नंबरावर टाकून घेत होता तो," ती सावकाश म्हणाली. "तुमाले कसं मालूम?"

शिवम लॅपटॉपकडे वळला. भिवाजीचं लक्ष नव्हतं, तो लॅपटॉप वायफायला जोडून आपल्याच नादात होता. "अॅपमधून नाई त मंग बाहेरून असन," असं पुटपुटत त्यानं राऊटरचं पान उघडलं आणि यादीवर बोट ठेवलं. "हा भाच्याच्या गेमचा नियम ना, भाऊ? हा त कॅमेऱ्याच्या पत्त्यावर जाऊन राह्यला."

"चुकून झालं असन," शिवम म्हणाला.

"थांबा, कॅमेऱ्याचं पान पाहू." भिवाजीनं खोक्यावरचा पासवर्ड टाकला, आणि तो लागला तसा त्याचा चेहरा पडला. "हा बदललाच नाई?" मग त्यानं नोंदीचं पान उघडलं. कोण कधी आत आलं, कुठल्या पत्त्यावरून आलं, सगळं खाली खाली जात होतं. "हे पत्ते आपल्या देशातले नाईत. हे बी नाई. किती जन हायेत हे, वैनी, मले मोजता येत नाई. ज्या दिवशी गेमचा नियम झाला त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून सुरू हाय." तो थांबला. "आन् हा एक आपल्या इकडला हाय. मोबाईलचा. रोज. दुपारच्या टायमाले."

भिवाजी मान खाली घालून बसला, कारण शेवटचं बोलल्यावर त्यालाही समजलं होतं. रूपालीला तर आधीच समजलं होतं.

"नियम कधी केला?" तिनं विचारलं.

"मांगच्या महिन्यात," भिवाजी म्हणाला.

"मी इंझोरीले गेली होती तवा," ती म्हणाली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "बाहेरच्या लोकाईले हे दार कोनं उघडून देलं, ते मले याईच्या तोंडून आयकायचं हाय."

"मी काही त्याईच्यासाठी नाई उघडलं," शिवम म्हणाला. "मले काय मालूम लोक येतात म्हनून. मी फक्त..."

"फक्त काय?"

"तुह्यावर लक्ष ठेवाले."

हे बोलताना त्याला वाटलं होतं की खरं बोललं म्हणजे निम्मं फिटेल. भुरीबाई एवढा वेळ काउंटरशी उभी होती. नेट, पत्ते, नियम यातलं तिला काही कळलं नव्हतं, पण जे कळायचं ते कळलं होतं.

"मही पोरगी त्या पडद्याआड होती," ती म्हणाली. "दिसली का थे?"

रूपाली पडद्यापाशी जाऊन उभी राहिली.

"तुले दिसली का?" तिनं शिवमला विचारलं.

"मावशी, बाहेरचे लोक होते ते. कॅमेरा त्याईनं फिरवला, म्या नाई."

"मी त्याईचं नाई इचारून राह्यली. त्याईले मी कुठं शोधू? तुले इचारून राह्यली."

शिवमनं मान हलवली. हो अशी हलवली की नाही अशी, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. भुरीबाईनं ब्लाऊज काउंटरवर ठेवला आणि ती उंबरा ओलांडून निघून गेली. पिशवीही विसरली.

रूपाली रडली नाही. रडली असती तर शिवमला समजूत काढता आली असती. तिनं भिवाजीला विचारलं, काय काय करायचं ते सांग. भिवाजीनं आधी नोंदीच्या पानाचे फोटो काढून घ्यायला लावले, पोलिसात दाखवायला. मग नियम पुसला. स्वतंत्र पत्ता काढून टाकला. कॅमेऱ्याच्या आत कोणी काही घुसवून ठेवलं असेल, म्हणून त्याचा भरवसा नको, असं म्हणून तो वायफायवरून तोडला. राऊटरचे पासवर्ड बदलले. "चूक माहीबी हाय," तो जाताना म्हणाला. "मागितला त देऊन टाकला पत्ता, दुसऱ्या दिवशी पाह्याले आलो असतो त दिसलं असतं." रूपालीनं नवे पासवर्ड स्वतः टाकले, आणि टाकताना फोन छातीशी धरला. शिवम हातभर अंतरावर उभा होता.

"सांगून ठेव ना एक," तो म्हणाला. "घरातलं माणूस हाव मी."

"दार उघडं होतं तवा तुमी घरातले होते," ती म्हणाली. "आता कोन हाय ते मले माहीत नाई. उद्या गाडी काढा. कारंज्याले पोलिसात जायचं हाय, आन् तिथं मले जे सांगितलं तेच सांगायचं. त्याच्या आधी मी बायाईच्या घरोघरी जाऊन येतो."

ती एकटीच गेली. किती घरी गेली, काय बोलली, हे तिनं सांगितलं नाही, आणि विचारायची शिवमची टाप नव्हती. एवढं दिसलं की दुसऱ्या दिवशी कारंज्यात पोलिसांना सगळं सांगून दोघं परत आली तेव्हापासून बाया यायला लागल्या, त्या शिवायला नाही तर न शिवलेलं कापड परत न्यायला. रूपाली प्रत्येकीचं कापड घडी करून, दोन्ही हातांनी द्यायची. भिंतीवर कॅमेऱ्याच्या जागी दोन खिळे राहिले. भुरीबाईची पिशवी खुंटीला तशीच लटकत होती, तिच्यात ब्लाऊज, आणि न्यायला कोणी येत नव्हतं.

शिवमसाठी तिनं नवा नियम केला. मुद्दाम बसवून सांगितला नाही, पण एकदा तो आत यायला लागला तेव्हा ती मशीनवरून न उठता म्हणाली, "पुरुषमानसाईनं ओट्यावर." तो ओट्यावर बसला. सगळे नवरे, सगळे भाऊ जिथं बसतात तिथं.

मंगळवारी मोटरसायकलचा आवाज आला. प्रज्वल उतरला, शिवमला रामराम घातला, आणि उंबऱ्याशी येऊन थबकला. पोलिसांचं त्याच्याही कानावर गेलं असणार. "ताई, मी इथंच ओट्यावर दाखवतो," तो म्हणाला. "आता माझंही आत येणं बरं नाही."

"कायले?" आतून रूपालीचा आवाज आला. "अस्तराचा रंग उनात समजत नाई. या आत."

तो चपला काढून आत गेला. पाठोपाठ पडदा ओढल्याचा आवाज आला, तो दाराचा पडदा होता, नवीन लावलेला. शिवम ओट्यावर बसून राहिला. आत प्रज्वल काहीतरी बोलत होता, शब्द कळत नव्हते. थोड्या वेळानं रूपाली हसली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच हसली. शिवमचा हात आपोआप खिशातल्या फोनकडे गेला, आणि मग त्याला आठवलं की आता त्यात काही दिसत नाही.